मंगळवारी सकाळी दूध नोंदणी का बंद पडली: खुलासा, पुढची दुरुस्ती आणि माफी

टिळकवाडीकर (धागाकर्ता) · बुधवार, रात्री ९:१०

नमस्कार. मंगळवारी, २१ तारखेला पहाटे ४:५२ ते सकाळी ९:४० आमचं दूध संकलनाचं ॲप बंद होतं. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातली, शिवाय चंदगडकडची काही, अशी मिळून २१४ केंद्रं आमच्यावर चालतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी लोक कॅन घेऊन रांगेत उभे होते आणि टॅबवर ‘शिफ्ट उघडा’ दाबलं की चक्र फिरत बसत होतं.

आधी एका चुकीची माफी मागतो. ती बंद पडण्याइतकीच माझी आहे. साडेपाचला मी ग्रुपवर लिहिलं की ‘नेट गेलंय, थोड्या वेळात येईल’. तो अंदाज होता, पण लिहिला खात्री असल्यासारखा. त्यावर विसंबून कुणी राउटर चारदा बंद-चालू केला, तर एका गावात सेक्रेटरींचा मुलगा रेंज शोधत टॅब घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. नेट सगळीकडे व्यवस्थित होतं, बिघाड आमच्या सर्व्हरवर होता. दुपारपासून ‘हॅक झालं’ अशीही आवई उठली आहे. तसं काही झालेलं नाही, बाहेरून कोणी आत आलेलं नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या नोंदी आम्ही प्रत्येक केंद्राच्या शिफ्ट बेरजेशी ताडून पाहिल्या, सगळ्या जागेवर आहेत.

आता कारण. वहीखात्याच्या भाषेत सांगतो, कारण प्रकार तसाच आहे. आमचा डेटाबेस प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत उतरवतो आणि मग खतावणीत घेतो. खतावणीत गेलं की रोजकीर्दीची जुनी पानं काढून टाकतो. मागे आम्ही रिपोर्टसाठी दुसरा सर्व्हर लावला होता. तो या रोजकीर्दीवरून स्वतःची नक्कल करत असे, आणि त्याच्यासाठी मूळ सर्व्हरवर एक खूण ठेवलेली होती: ‘नकलणारा इथपर्यंत आलाय, पुढची पानं फाडू नका’. सव्वीस दिवसांपूर्वी खर्च वाचवायला आम्ही तो दुसरा सर्व्हर बंद केला. खूण मात्र काढायची राहिली. मूळ सर्व्हर त्या नकलणाऱ्याची इमाने-इतबारे वाट बघत राहिला, एकही पान फाडलं नाही, आणि मंगळवारी पहाटे १६० जीबीची डिस्क काठोकाठ भरली. पान लिहायला जागा नसेल तर डेटाबेस नवीन नोंद घेत नाही, सरळ बंद पडतो. तसाच तो पडला.

खूण काढली आहे, डिस्क मोकळी आहे. यापुढे अशी विसरलेली खूण २० जीबीपेक्षा जास्त पानं अडवू शकणार नाही अशी मर्यादा घातली आहे. ११ ते २० तारखेचं बिल मंगळवारी सकाळी निघायचं होतं ते संध्याकाळी निघालं. राहिलेली मोठी दुरुस्ती टॅबमधल्या ॲपची आहे. सर्व्हर बंद असला तरी शिफ्ट उघडता यावी म्हणून शेवटचं दरपत्रक तीन दिवस टॅबवरच राहील. ही आवृत्ती येत्या सोमवारी आधी वीस केंद्रांना देऊ आणि तिथे आठवडाभर नीट चालली तरच बाकीच्यांना.

एक कळकळीची विनंती. मंगळवारी सकाळचं दूध तुम्ही वहीत लिहिलं असेल तर ते आता टॅबमध्ये पुन्हा भरू नका. आधी इथे किंवा फोनवर विचारा. का ते खाली कुणीतरी विचारेलच.

झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी.

---

चिकोडीकर · बुधवार, रात्री ९:३१

आमच्याकडे पण मंगळवारी सकाळी तासभर लाइट नव्हती. म्हणजे तुमचा सर्व्हर बेळगावातच ठेवलाय काय? मग इन्व्हर्टर बसवून घ्या की. आमच्या पतसंस्थेत दोन बॅटऱ्यांचा आहे, चार तास आरामात जातो. कुठला घ्यायचा ते सांगतो.

---

टिळकवाडीकर · बुधवार, रात्री ९:४०

दादा, सर्व्हर मुंबईत भाड्याच्या जागी आहे आणि विजेचा यात काही संबंध नव्हता. जागा संपली होती. गोठ्यात लाइट आहे, पण कडबा ठेवायला जागा नाही, असं समजा.

---

लिनक्सवेडा · बुधवार, रात्री ९:५८

एवढ्यासाठी पाच तास? `pg_wal` मध्ये जाऊन जुन्या तारखेच्या फाइली उडवायच्या, दोन मिनिटांत जागा मोकळी. शेवटच्या चेकपॉइंटच्या आधीच्या फाइली तशाही डेटाबेसला लागत नाहीत. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला असंच केलं होतं, काही झालं नाही.

---

जुना_डीबीए · बुधवार, रात्री १०:२५

मूळचा शहापूरचा, हल्ली पुण्यात. वीस वर्षं हेच काम करतोय.

लिनक्सवेडा, तुझं अर्धं बरोबर आहे. चेकपॉइंटच्या आधीच्या फाइली सर्व्हर सावरायला लागत नाहीत, हे खरं. पण कुठली फाइल आधीची हे तू तारखेवरून ठरवतोयस, तिथे फसशील. पोस्टग्रेस जुनी फाइल बऱ्याचदा टाकत नाही, तिला पुढच्या क्रमांकाचं नाव देऊन परत वापरायला ठेवतो. मग नाव उद्याचं आणि तारीख गेल्या आठवड्याची. तारखेने लावलेली यादी म्हणून फसवी. विचारायचंच असेल तर `pg_controldata` ला विचारायचं, तो ‘REDO WAL file’ म्हणून नेमकं नाव दाखवतो. पण पहाटे पाचला, झोपेतून उठून, दोनशे गावांचे फोन चालू असताना ते चोवीस अक्षरी नाव वाचून `rm` करायचं? एक फाइल इकडची तिकडे झाली की सर्व्हर उठतच नाही. मग पाच तासांचे पाच दिवस होतात.

आणखी एक. या फोल्डरचं नाव पूर्वी `pg_xlog` होतं. ‘लॉग’ दिसला की लोक कचरा समजून साफ करायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे. दहाव्या आवृत्तीत नाव बदलून `pg_wal` केलं त्याचं एक कारण हेच. नाव बदललं तरी हात थांबत नाहीत, ते वेगळं.

टिळकवाडीकर, मला वेगळंच खटकतंय. २१४ केंद्रं म्हणजे डेटा किती असणार? सव्वीस दिवसांत एवढी डिस्क भरली कशी? `archive_timeout` किती ठेवलाय?

---

टिळकवाडीकर · बुधवार, रात्री १०:४९

सर, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ३०० आहे, म्हणजे पाच मिनिटं. मूळ डेटा फक्त ३८ जीबी. मंगळवारी सकाळी हे दिसलं:

```
SELECT slot_name, active, wal_status
FROM pg_replication_slots;

   slot_name    | active | wal_status
----------------+--------+------------
 report_replica | f      | extended
```

---

जुना_डीबीए · बुधवार, रात्री ११:१२

मग हिशेब जुळला. रोजकीर्दीची एक फाइल १६ एमबीची. पाच मिनिटं झाली की बॅकअपसाठी चालू फाइल सक्तीने बंद होते आणि नवी उघडते. आत दोनच ओळी असल्या तरी फाइल पूर्ण १६ एमबीचीच राहते. कोरी वही असो नाहीतर भरलेली, कपाटात जागा तेवढीच खाते. दिवसाला २८८ फाइली, म्हणजे साडेचार जीबी. १६० मधून ३८ गेले, उरले १२२. ते साधारण सत्तावीस दिवस पुरतात. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी पाच मिनिटांत एकीपेक्षा जास्त फाइली भरत असणार, म्हणून सव्विसाव्याच दिवशी संपलं.

रात्री मात्र संकलन नसतं. काहीच बदल नसेल तर ही सक्तीची फाइल निघत नाही. तुमच्याकडे रात्रभर काय लिहिलं जातंय?

---

टिळकवाडीकर · बुधवार, रात्री ११:२०

प्रत्येक टॅब दर मिनिटाला ‘मी चालू आहे’ म्हणून वेळ कळवतो आणि ती वेळ आम्ही टेबलात लिहितो. कुठलं केंद्र बंद आहे ते आम्हाला दिसावं म्हणून. रात्री दोनलासुद्धा. आता तुम्ही म्हणताय तेव्हा लक्षात येतंय की त्याची गरज शिफ्टच्या वेळेपुरतीच आहे.

---

लिनक्सवेडा · बुधवार, रात्री ११:३४

ते पुढच्या क्रमांकाचं माहीत नव्हतं. मान्य.

पण मग डिस्क भरत आल्याची सूचना का नाही आली? ती तर सगळेच लावतात.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, सकाळी ८:०५

लावली होती, तीच तर लाज आहे. सूचना `/` या डिस्कवर लावली होती. डेटाबेस मात्र वेगळ्या डिस्कवर आहे, `/var/lib/postgresql` ला जोडलेली. गेल्या वर्षी डेटा हलवला तेव्हा सूचना हलवायची राहिली. मंगळवारी पहाटे ४:५२ ला आमच्या फलकावर डिस्क २३ टक्के भरलेली दिसत होती, हिरवीगार. मी तो हिरवा रंग बघूनच ‘नेट गेलं असेल’ म्हणालो. लॉगमध्ये ही ओळ होती, पण ती उघडली पावणेसात वाजता:

```
PANIC:  could not write to file "pg_wal/xlogtemp.2417": No space left on device
```

आता सूचना योग्य डिस्कवर आहे. ७० टक्क्यांना मेसेज आणि ८५ टक्क्यांना आम्हा दोघांच्या फोनवर कॉल. काल एक मोठी रिकामी फाइल टाकून मुद्दाम ८५ च्या वर नेलं, फोन वाजला. त्यानंतरच इथे लिहायला बसलो.

---

पहाटेची_पाळी · गुरुवार, सकाळी १०:४०

मी कडोलीकडचं एक केंद्र चालवते. पाच वाजता शटर उघडलं तेव्हा आठ-दहा जण थांबलेले. शिफ्ट उघडेना म्हटल्यावर वही काढली. फॅटचं मशीन चालू होतं, पण ते टॅबला जोडलेलं, त्यामुळे मशीनच्या पडद्यावर बघून हाताने लिहायचं. एकाला पाऊण मिनिट लागतं तिथं तीन-तीन मिनिटं लागायली. गाडी साडेसातला येते, थांबत नाही. शेवटच्या पंधरा लोकांचं दूध गाडीला मिळालंच नाही. दोन कॅन दुपारपर्यंत राहिले आणि शीतकेंद्रावर उकळून बघितल्यावर फाटले. ऐंशी लिटर. त्याचं कोण देणार? माफी ठीक आहे भाऊ, पण त्या पंधरा घरांत मलाच तोंड दाखवायचंय.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, सकाळी ११:१५

वहिनी, खरं सांगतो, याचं पक्कं उत्तर आज माझ्याकडे नाही. आमच्या करारात ॲप बंद पडलं तर महिन्याचं भाडं माफ एवढंच आहे, आणि ते सगळ्यांनाच करतोय. महिन्याच्या भाड्यात ऐंशी लिटर दूध बसत नाही, कळतंय. तुमच्यासारखी आणखी किती केंद्रं आहेत ती माहिती गोळा करतोय. शीतकेंद्राची दूध नाकारल्याची चिठ्ठी असेल तर जपून ठेवा. आम्ही तिघंच आहोत, सगळं भरून देऊ असं बोलून गेलो आणि मग हात वर केले तर ते जास्त वाईट. शनिवारपर्यंत काय जमेल ते फोन करून सांगतो.

---

सेक्रेटरी_मामा · गुरुवार, दुपारी १:२०

खानापूर तालुका. आमच्यात मंगळवारी दोन्ही झालं. पहिले बारा जण वहीत घेतले. मग सहाच्या सुमारास बाजूच्या केंद्राच्या पोरानं सांगितलं की टॅब बंद करून चालू केला तर आदल्या संध्याकाळची शिफ्ट उघडी दिसते, त्यात नोंद होते. त्यात पुढच्यांची घेतली, आणि जाता जाता पहिल्या बारांपैकी चार-पाच जणांचीपण घेतली, त्यांना पावती पाहिजे होती म्हणून. दहा वाजता ॲप सुरू झाल्यावर आमच्या पोरानं सगळी वही टॅबमध्ये भरून टाकली. तुमची ‘भरू नका’ची विनंती काल रात्री वाचली. आता काय करायचं ओ?

---

टिळकवाडीकर · गुरुवार, दुपारी २:०५

मामा, चूक तुमची नाही. आम्ही दीड दिवस उशिरा सांगितलं. आणि हीच अडचण अकरा केंद्रांत झाली आहे.

काय होतं ते सांगतो. टॅबवर नोंद घेतली की टॅब तिला स्वतःचा वेगळा क्रमांक देतो. सर्व्हर बंद असेल तर नोंद टॅबवरच थांबते आणि सुरू झाल्यावर जाते. तीच नोंद चुकून तीनदा पाठवली गेली तरी क्रमांक तोच, म्हणून सर्व्हर एकदाच धरतो. पण वहीवरून हाताने भरली की तिला नवाच क्रमांक मिळतो. सर्व्हरच्या दृष्टीने ते दुसरं दूध.

तुमचेच सभासद ४७ घ्या. सकाळी ६:१० ला टॅबवर म्हैस, ६.४ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, दर ५२.३० धरून ३३४.७२ रुपये. सकाळी १०:१८ ला तेच पुन्हा, वहीवरून. सध्या त्यांच्या नावावर ६६९.४४ दिसतायत. दिलासा एवढाच की ही नोंद २१ तारखेपासूनच्या नव्या बिलात आहे, पैसे अजून कुणाला गेलेले नाहीत. दहा दिवसांत निस्तरायला वेळ आहे.

---

लिनक्सवेडा · गुरुवार, दुपारी २:३०

एक सभासद, एक शिफ्ट, दोन नोंदी दिसल्या की एक डिलीट. एका क्वेरीचं काम आहे.

---

सेक्रेटरी_मामा · गुरुवार, दुपारी २:५२

तसं करू नका हां. ४७ नंबरवाल्याकडं म्हशीसंगट गाय पण आहे, दोन नोंदी रोजच्याच. ६२ नंबरच्या घरात दोघं भाऊ, नंबर एक, कॅन दोन. दोघांचं दूध वेगळ्या वेळी येतं. एक उडवलं तर उद्या डेअरीपुढं भांडण.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, दुपारी ३:१०

म्हणून आम्ही आपोआप काहीच उडवणार नाही. जिथे सभासद, जनावर, लिटर, फॅट आणि एसएनएफ हे सगळं जसंच्या तसं आहे, आणि एक नोंद मशीनवरून व दुसरी नऊनंतर हाताने भरलेली आहे, अशांची यादी काढून प्रत्येक केंद्राला पाठवतो. तुम्ही खूण करायची, मगच आम्ही रद्द करणार. रद्द झालेली नोंदही ‘रद्द’ म्हणून दिसत राहील, पुसली जाणार नाही.

---

पहाटेची_पाळी · गुरुवार, सायंकाळी ४:४५

जसंच्या तसं मिळेल कशाला? घाईत मी वहीत लिटर अर्ध्यावर आणून लिहिते. ६.४ चं साडेसहा. फॅट लिहिते, एसएनएफ लिहितच नाही, नंतर भरताना पोरगी ८.५ टाकते. तुमच्या यादीत ती नोंद येणारच नाही.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, सायंकाळी ५:०२

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग लिटरमध्ये थोडा फरक चालेल असं धरून दुसरी, जरा ढिली यादी काढावी लागेल. त्यात ६२ नंबरच्या भावांसारखे खरे दोन कॅनसुद्धा येतील आणि काम वाढेल. वहिनी, तुमच्या केंद्रावर उद्या सकाळी मी स्वतः येतो, वही आणि टॅब शेजारी ठेवून बघू. तिथून किती ढिली ठेवायची ते कळेल.

---

चंदगडी · गुरुवार, सायंकाळी ६:१५

आमचं केंद्र महाराष्ट्रात, दरपत्रक वेगळं. नव्या आवृत्तीत टॅबवर तीन दिवस जुनं दरपत्रक राहणार म्हणता. मधेच दर बदलला तर? गेल्या खेपेला एका रात्रीत रुपया उतरला होता.

आणि जाता जाता, पावती मराठीत निघायला एवढा वेळ का लागतो? कन्नड निवडली तरी तसंच. इंग्रजी मात्र खटकन येते.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, सायंकाळी ६:४०

पावतीचं आधी सांगतो, सोपं आहे. त्या छोट्या प्रिंटरच्या आत देवनागरी किंवा कन्नड अक्षरं नसतात. म्हणून आम्ही अख्खी पावती चित्र करून पाठवतो आणि चित्र छापायला वेळ लागतो. भाषा काढून टाकणं हा काही उपाय नाही. सीमाभागात तर नाहीच. मजकूर कमी करून चित्र लहान करता येतं का बघतोय.

दराचं: सर्व्हरशी बोलणं न होता घेतलेल्या नोंदीच्या पावतीवर ‘दर तात्पुरता’ असं छापू. नवा दर आल्यावर सर्व्हर रक्कम पुन्हा काढेल.

---

सेक्रेटरी_मामा · गुरुवार, सायंकाळी ७:२८

हे कागदावर बरं दिसतं. सभासदाच्या हातात ३३४ रुपयांची पावती आणि बिलात ३२८. ‘तात्पुरता’ हा शब्द कोण वाचतंय? तो आकडाच बघतो. त्यापेक्षा रक्कम छापूच नका, फक्त लिटर आणि फॅट छापा.

---

पहाटेची_पाळी · गुरुवार, सायंकाळी ७:५०

रक्कम नाही छापली तर ‘दर लपवला’ म्हणतील. आमच्याकडच्या बायका पावती घरी नेऊन डब्यात ठेवतात, महिनाअखेरीला मला बसवून बेरीज करून घेतात. रक्कम पाहिजेच.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, रात्री ८:१०

दोघांचंही पटतंय. सोमवारच्या वीस केंद्रांत दहा ठिकाणी रकमेसकट आणि दहा ठिकाणी बिनरकमेची पावती देऊन बघतो. मामा, वहिनी, तुमची दोन्ही केंद्रं त्यात घेऊ का?

---

जुना_डीबीए · गुरुवार, रात्री ९:३५

दोन गोष्टी राहिल्या.

`max_slot_wal_keep_size` २० जीबी केलात ते योग्य. मुळात तो -१ असतो, म्हणजे मर्यादाच नाही, आणि कित्येकांचा बळी त्याने घेतलाय. पण त्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. उद्या पुन्हा नकल सर्व्हर लावलात आणि तो चार-पाच दिवस बंद राहिला, तर मूळ सर्व्हर वाट न बघता पानं फाडेल. `wal_status` ला `lost` दिसेल आणि नक्कल पहिल्यापासून उभी करावी लागेल. तुमच्या बाबतीत तो सौदा चांगलाच आहे, रिपोर्ट एक दिवस उशिरा आले तर दूध नासत नाही. पण ठरवून करा. अठराव्या आवृत्तीत पडून राहिलेली खूण ठरावीक वेळाने आपोआप बाद करायची सोयही आली आहे.

दुसरं, डेटाबेसच्या डिस्कवर दोन जीबीची एक निरुपयोगी फाइल ठेवून द्या. `fallocate -l 2G` ने एका क्षणात होते. डिस्क भरलीच तर ती उडवायची, तेवढ्या जागेत सर्व्हर उठतो आणि मग शांतपणे खूण काढता येते. लिनक्सवेड्याला फाइल उडवायची हौस आहे, त्याला ती उडवू द्या.

आणि विचारायचं राहिलं: पावणेसातला कारण कळलं, तर ९:४० पर्यंत काय चाललं होतं?

---

टिळकवाडीकर · गुरुवार, रात्री १०:००

काही बदलण्याआधी डिस्कची स्थिती जशी आहे तशी जपून ठेवायची म्हणून स्नॅपशॉट घ्यायला लावला. तो पूर्ण व्हायला पन्नास मिनिटं गेली, तोवर आम्ही हात लावला नाही. मग डिस्क १६० ची २२० केली, सर्व्हर उठवला, आणि:

```
SELECT pg_drop_replication_slot('report_replica');
CHECKPOINT;
```

दोन मिनिटांत शंभर जीबीहून जास्त जागा मोकळी झाली. त्यानंतर सगळे टॅब एकदम तुटून पडू नयेत म्हणून तालुक्या-तालुक्याने सोडले, त्यात ९:४० झाले.

---

जुना_डीबीए · गुरुवार, रात्री १०:१८

बऱ्याच ठिकाणी स्नॅपशॉट सुरू झाला की तो क्षण पकडला जातो, पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. तुमच्या जागावाल्याकडे तसं असेल तर ती पन्नास मिनिटं वाचली असती. वहिनींची गाडी साडेसातची होती, म्हणजे तरी कदाचित चुकलीच असती. पण विचारून घ्या.

---

टिळकवाडीकर · गुरुवार, रात्री १०:२४

उद्या विचारतो. नसेल तसं तर स्नॅपशॉट घ्यावा की नाही, हा प्रश्न मला अजूनही सुटलेला नाही.

---

पहाटेची_पाळी · शुक्रवार, सकाळी ११:०५

हे लोक आज पहाटे खरंच आले होते, पाच वाजता, शटर उघडायच्या आधी. वही आणि टॅब लावून बघितलं. नऊ नोंदी दुबार निघाल्या. त्यातल्या पाचच त्यांच्या पहिल्या यादीत होत्या, उरलेल्या चार माझ्या साडेसहाच्या सवयीमुळे सुटलेल्या. आणखी एक नोंद आहे, लिटरात पाव लिटरचा फरक आणि फॅटपण वेगळी. ती दुबार आहे की त्या मावशींनी खरंच दुसऱ्यांदा दूध आणलं होतं, मला आठवत नाही आणि त्यांनापण नाही. ती तशीच ठेवलीय.

मामा, रकमेची पावती मी घेतली. बिनरकमेची तुमच्याकडं आली बघा.

---

सेक्रेटरी_मामा · शुक्रवार, दुपारी १२:३०

येऊ दे. आमच्यात भांडण झालं तर तुमच्या केंद्राचा पत्ता देतो.